पुतण्या की भाचा? अरबी आणि मराठी नात्यांची मांडणी

अरबी भाषेत वडिलांच्या भावाला ‘अम्म’, वडिलांच्या बहिणीला ‘अम्मा’, आईच्या भावाला ‘खाल’ आणि आईच्या बहिणीला ‘खाला’ म्हणतात. मराठीतले काका, आत्या, मामा आणि मावशी हे चार शब्द नेमक्या याच चार जागांवर बसतात. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट लोवी यांनी 1928 मध्ये आईवडिलांच्या पिढीतील नात्यांच्या शब्दांचे जे चार प्रकार केले, त्यांपैकी पितृपक्ष आणि मातृपक्ष वेगळे ठेवणाऱ्या, शिवाय काका-मामांना बापापासून व मावशी-आत्यांना आईपासूनही वेगळे ठेवणाऱ्या प्रकारात या दोन्ही भाषा मोडतात. आजी-आजोबांच्या बाबतीतही साम्य आहे: हिंदीतील दादा आणि नाना असा भेद मराठी ‘आजोबा’ करत नाही, अरबी ‘जद्द’ही करत नाही, आणि गरज पडलीच तर दोन्ही भाषा ‘आईकडचे’ किंवा ‘वडिलांकडचे’ असे विशेषण जोडून काम भागवतात.

एवढे साम्य पाहून दोन्ही व्यवस्था एकच मानण्याचा मोह होतो. परंतु एक पिढी खाली उतरून आपल्याच पिढीतील भावंडांकडे पाहिले की फरक दिसू लागतो. अरबीत काकाच्या मुलाला ‘इब्न अम्म’ म्हणजे अक्षरशः ‘काकाचा मुलगा’ म्हणतात, मुलीला ‘बिंत अम्म’ म्हणतात, आणि आत्या, मामा व मावशी यांच्या मुलांची नावे याच रीतीने तयार होतात. लुईस हेन्री मॉर्गन यांनी 1871 साली प्रसिद्ध केलेल्या, जगभरातील नातेव्यवस्थांची तुलना करणाऱ्या ग्रंथात अशा पद्धतीला ‘वर्णनात्मक’ म्हटले, कारण तिच्यात नात्याचा मार्ग एकेका पायरीने सांगितलेला असतो. मराठीतही चुलत, आते, मामे आणि मावस असे चार भेद आहेत, मात्र हे चारही शब्द विशेषणासारखे वापरले जातात आणि त्यांच्यापुढे येणारे नाम ‘भाऊ’ किंवा ‘बहीण’ असते. मराठीने त्या मुलांना आधी भावंडांत घेतले आणि मग कोणत्या बाजूची भावंडे ते सांगितले. अरबीने त्यांना भावंडांत घेतलेच नाही.

हा फरक केवळ शब्दघडणीचा नाही, हे विवाहाच्या नियमांकडे पाहिल्यावर कळते. अरब समाजांत काकाच्या मुलीशी, म्हणजे बिंत अम्मशी, विवाह हा परंपरेने पसंतीचा विवाह मानला गेला आहे. असे विवाह प्रत्यक्षात सर्वत्र बहुसंख्य असतात असे नव्हे, पण पुष्कळ भागांत चुलत भावाचा तिच्यावर पहिला हक्क समजला जाई. त्यामुळे सासऱ्याला ‘अम्म’ म्हणून संबोधण्याची चाल पडली आणि ती रक्ताचे नाते नसलेल्या सासऱ्यालाही लागू झाली. महाराष्ट्रात चुलत भावंडांचा विवाह निषिद्ध आहे, कारण दोघांचे कुळ एक असते. उलट अनेक जातींमध्ये मामाच्या मुलीशी होणारा विवाह मान्य, किंबहुना पसंतीचा राहिला आहे. म्हणून जुन्या मराठी घरांत सून सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणत असे. अरब सून सासऱ्याच्या रूपाने काका पाहते आणि मराठी सून सासूच्या रूपाने आत्या पाहते.

अशा विवाहांचा पुढच्या पिढीवर होणारा परिणाम नीट तपासण्यासारखा आहे. दोन सख्ख्या भावांपैकी एकाच्या मुलाने दुसऱ्याच्या मुलीशी लग्न केले, तर त्यांच्या अपत्याचे दोन्ही आजोबा एकमेकांचे भाऊ असतात, आणि त्या अपत्याचा ‘खाल’ म्हणजे मामा हा त्याच्या वडिलांचा चुलत भाऊही असतो. शब्दांनी काळजीपूर्वक वेगळे ठेवलेले दोन पक्ष रक्ताने एकाच वंशात येऊन मिळतात. रॉबर्ट मर्फी आणि लिओनार्ड कॅसडन यांनी 1959 मध्ये अरब विवाहपद्धतीचे विवेचन करताना याच मुद्द्यावर भर दिला होता. मराठी मुलाने मामाच्या मुलीशी लग्न केले तर मात्र दोन्ही कुळे वेगळीच राहतात, कारण मुलगी ज्या घरी जाते त्या घरी तिच्या आधी तिची आत्या गेलेली असते आणि मुली पिढ्यान्‌पिढ्या एका कुळातून दुसऱ्या कुळात एकाच दिशेने जातात. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेवरील 1953 च्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला दुवा म्हटले, ते बऱ्याच अंशी या चालीमुळे.  

अरबीने दोन पक्ष इतके स्पष्ट वेगळे ठेवण्यामागे वारसाहक्काचेही कारण आहे. सुन्नी वारसा कायद्यात ‘असबा’ म्हणजे पुरुषांच्या मार्फत जोडलेले पितृवंशीय वारस असतात आणि ठरलेले हिस्से वाटून उरलेली मालमत्ता त्यांच्याकडे जाते. एखाद्या पुरुषाच्या मागे केवळ एक मुलगी, वडिलांचा सख्खा भाऊ आणि आईचा सख्खा भाऊ असे तिघेच उरले, तर मुलीला निम्मा हिस्सा मिळतो, उरलेला निम्मा अम्म घेतो आणि ‘खाल’च्या वाट्याला काहीच येत नाही. त्या पुरुषाची आत्या हयात असती तर वडिलांची सख्खी बहीण असूनही तीही रिकाम्या हाती राहिली असती. मुलाच्या संगोपनाचा हक्क ठरवताना हनफी पंथात नेमका उलटा क्रम लागतो, कारण तिथे मावशीचा क्रमांक आत्याच्या आधी येतो. कोण काका आणि कोण मामा हे अचूक सांगता येणे, हा अशा समाजात न्यायाधीशाच्या रोजच्या कामाचा भाग असतो.

आता राहिला तो फरक, जो दोन भाषांच्या तुलनेत सर्वात सहज निसटतो. भावाच्या मुलाला अरब पुरुष ‘इब्न अख’ म्हणजे ‘भावाचा मुलगा’ म्हणतो आणि त्याची बहीणही त्याला इब्न अखच म्हणते, कारण अरबी शब्द मार्ग सांगतो आणि बोलणारा पुरुष आहे की स्त्री हे विचारत नाही. मराठीत तोच मुलगा काकाचा पुतण्या असतो आणि आत्याचा भाचा. दोघेही त्याच्या वडिलांची सख्खी भावंडे आहेत, अंतर तेच आहे, तरी शब्द बदलतो. पुतण्या हे नाव केवळ एका कुळातल्या माणसांमध्ये चालते, म्हणून लग्न होऊन त्या कुळात आलेली काकूही त्याला पुतण्याच म्हणते. आत्या मात्र लग्नानंतर दुसऱ्या कुळाची झालेली असते, म्हणून तिच्यासाठी तो भाचा होतो, आणि मामेबहिणीशी विवाहाची चाल असलेल्या घरात त्याची बहीण तिची सूनही होऊ शकते.

म्हणून मराठी नात्यांचा तक्ता एकट्या पुरुषाला मध्यभागी ठेवून भरला तर तो मराठीला अरबीसारखी दाखवतो आणि चुकतो. स्त्रीला मध्यभागी ठेवून तो दुसऱ्यांदा भरावा लागतो. चुलत आणि मामे यांतला भेद कायद्यालाही टाळता आलेला नाही: 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने दोन भावांच्या, दोन बहिणींच्या आणि भाऊ-बहिणींच्या मुलांमधील विवाह सारखेच निषिद्ध ठरवले, परंतु दोन्ही पक्षांच्या रूढीने मान्य असलेल्या विवाहांना सूट ठेवली, आणि मामाच्या मुलीशी होणारा विवाह आजही या सवलतीच्या आधारे वैध ठरतो.