ओरखडा कोणत्या बाजूला?

अंबाजोगाईच्या मावशींनी लेकीच्या लग्नाच्या फोटोंची सीडी आणली, तेव्हा मी ती आधी उजेडासमोर धरली. सीडीतली माहिती छापील बाजूच्या पातळ लाखेखालीच असते. तिथला थर खरवडला, तर टाचणीएवढ्या भोकांतून उजेड दिसतो आणि तेवढी माहिती कायमची गेलेली असते. पॉलिशने ती परत येत नाही.

मावशींच्या सीडीत भोकं नव्हती, ओरखडे खालच्या बाजूला होते. तिथं 1.2 मिलिमीटर जाड पारदर्शक प्लॅस्टिक असतं. ओरखड्यावर लेसर भरकटतो, पण माहिती शाबूत असते. म्हणून आधी पॉलिश केलं नाही. चुकीचं घासलं तर नवे ओरखडे पडतात. मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसली आणि प्रत काढायला घेतली:

```
ddrescue -n -b 2048 /dev/sr0 lagna.iso lagna.map
```

हा प्रोग्रॅम अडलेला भाग सोडून पुढं जातो आणि राहिलेल्याची नोंद `lagna.map` मध्ये ठेवतो. तीच नोंद घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर `-n` काढून पुन्हा चालवलं. प्रत्येक ड्राइव्हची वाचनक्षमता वेगळी असते, त्यामुळे बरेच तुकडे भरले. उरलेल्या खोल ओरखड्यावरच पॉलिश लावलं. शेवटी दोन फोटो अर्धे राहिले. सप्तपदीचे सगळे आले.