रेपो दर आणि रुईची खंडी

३० सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीने रेपो दर ५.४० वरून ५.९० टक्क्यांवर नेला. त्या वर्षी मे महिन्यात सुरू झालेल्या वाढीतला हा चौथा टप्पा होता, आणि कारण उघड होते: महागाई रोखायची. आदिलाबादच्या काळ्या जमिनीत तेव्हा कापसाची बोंडे फुटू लागली होती. तिथली खरेदी ऑक्टोबरात सुरू होते. बेला-जैनदपासून तामसीपर्यंतच्या गावांतून, मराठी आणि तेलुगू बोलणाऱ्या दोन्ही घरांतून, कापसाच्या गाड्या बाजार समितीच्या यार्डाकडे निघतात. त्यांच्यासाठी मोजायचा पैसा जिनिंगवाल्यांना नेमका याच सुमारास बँकेतून उचलावा लागतो. महागाई आटोक्यात आणण्यासाठी महाग केलेला पैसा सर्वांत आधी महाग झाला तो माल विकत घेणाऱ्यांना. त्यामुळे त्या मालाची किंमत थोडा काळ उलट वाढू शकते का, हा प्रश्न अर्थशास्त्रात बराच जुना आहे.

व्याजदर वाढले की कर्जे कमी होतात, लोक खर्च आवरतात, मागणी घटते आणि भाव उतरतात, हा नेहमीचा मार्ग आपल्याला माहीत असतो. त्याच्या शेजारून दुसरा मार्ग जातो. कारखानदार कच्चा माल आज घेतो, मजुरी आज देतो आणि विक्रीचे पैसे त्याला काही महिन्यांनी मिळतात. मधल्या काळात अडकलेला पैसा म्हणजे त्याचे खेळते भांडवल, आणि ते बहुधा कर्जाऊ असते. त्यावरचे व्याज हा वीज किंवा हमालीसारखाच उत्पादनाचा खर्च आहे. तो वाढला तर मालाची किंमत वाढवण्याचा दबाव येतो. या मार्गाला पतधोरणाचा ‘खर्चमार्ग’ म्हणता येईल.

कापूस हे या मार्गाचे चांगले उदाहरण आहे, कारण पीक चार-पाच महिन्यांत येते आणि गिरण्यांना रुई बारा महिने लागते. मधला साठा कोणी ना कोणी कर्ज काढून सांभाळतो. एका खंडीचा हिशेब करून पाहू. रुईची खंडी ३५६ किलोची असते. कापसातून साधारण ३४ टक्के रुई निघते असे धरले, तर एका खंडीला सुमारे साडेदहा क्विंटल कापूस लागतो. समजण्यापुरता भाव क्विंटलला ८,००० रुपये धरू, म्हणजे ८४ हजार रुपये झाले. सरकी लगेच विकली जाते. तिचे २० हजार सुटले, तर रुईत ६४ हजार अडकून राहिले. जिनिंगवाला ते ‘सीसी’तून, म्हणजे कॅश क्रेडिट खात्यातून उचलतो. साठा बँकेकडे तारण असतो, दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावे लागते आणि साठ्याच्या किमतीतून मार्जिन वजा करून उचल ठरते. मार्जिनपुरता स्वतःचा पैसा घातला तरी तो फुकट नसतो, म्हणून पूर्ण रकमेवर व्याज धरू. रुई तीन महिने पडून राहिली, तर ९ टक्के दराने व्याज १,४४० रुपये होते आणि साडेअकरा टक्के दराने १,८४०. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५० टक्के झाला, म्हणजे नेमका अडीच टक्क्यांनी वाढला. एका खंडीवर त्याचा भार ४०० रुपये. क्विंटलभर कापसावर तो सुमारे ३८ रुपये बसतो.

हा भार लवकरही पोहोचतो. ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म आणि लघुउद्योगांची बदलत्या व्याजाची नवी कर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधली गेली आहेत आणि त्यांचे व्याज निदान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरवावे लागते. म्हणजे सप्टेंबरअखेरची वाढ त्याच हंगामात खात्यावर दिसते. मागणी घटून भाव उतरायला मात्र कित्येक तिमाह्या जातात. खर्चमार्ग आधी, मागणीचा मार्ग नंतर, अशी ही वेळेची तफावत आहे, आणि खर्चमार्गाचे जे काही वजन आहे ते याच मधल्या फटीत आहे.

आता ते ४०० रुपये भरणार कोण? पाठ्यपुस्तकात उत्तर सोपे असते: उत्पादक किंमत वाढवतो. आदिलाबादचा जिनिंगवाला मात्र रुईची किंमत ठरवत नाही. ती देशभरच्या गिरण्यांच्या आणि परदेशच्या बाजारावर ठरते. तो गिरणीला ‘माझे व्याज वाढले, चारशे जास्त द्या’ म्हणाला, तर गिरणी शेजारच्या जिल्ह्यातून माल घेईल. त्याच्या हातात एकच भाव असतो, तो कापूस घेण्याचा. म्हणून तो रुई आणि सरकीच्या संभाव्य किमतीतून आपला खर्च आणि व्याज वजा करतो आणि उरेल तो भाव यार्डात बोलतो. वजाबाकी जुळेनाशी झाली की जिनिंगवाले ‘डिस्पॅरिटी आली’ म्हणतात आणि खरेदी आखडती घेतात. म्हणजे खर्च वाढल्याचा परिणाम इथे ग्राहकाकडे पुढे सरकत नाही, तो मागे शेतकऱ्याकडे येतो. साठवणाऱ्यांचे व्याज वाढले की हंगामातला आणि उन्हाळ्यातला भाव यांच्यातले अंतर रुंदावते. सहा महिने माल ठेवायला ९ टक्क्यांवर साडेचार टक्के फरक पुरत असेल, तर साडेअकरावर पावणेसहा लागतो. हा जादा सव्वा टक्का हंगामाच्या टोकाला खाली दाबून मिळतो की उन्हाळ्याच्या टोकाला वर ओढून, हे कोणाला विकायची घाई आहे त्यावर ठरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात घाई शेतकऱ्याला असते. खत-बियाण्यांची उधारी फेडायची असते, आणि सावकाराचे ‘शेकड्याला दोन रुपये महिना’ म्हणजे वर्षाला २४ टक्के होतात. या व्याजासमोर रेपोतला अडीच टक्क्यांचा बदल किरकोळ वाटतो, पण सावकाराच्या या व्याजामुळेच शेतकरी थांबू शकत नाही आणि जिनिंगवाल्याचे व्याज त्याच्या भावातून कापले जाते.

मागे ढकलण्याचा रस्ता हमीभाव अडवतो. २०२२-२३ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,३८० रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच वर होता, त्यामुळे कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला, खरेदीत उतरायचे कारण नव्हते आणि भाव खाजगी व्यापाऱ्याच्याच वजाबाकीवर ठरला. २०२५-२६ साठी हमीभाव ८,११० झाला. बाजार त्याखाली आला की सीसीआय घेते, तेव्हा साठवणुकीचे व्याज तिच्या हिशेबात जाते आणि हमीभावाच्या खरेदीतला तोटा केंद्र सरकार भरून देते. म्हणजे बोजा करदात्यावर जातो. पण कापसात ओलावा आठ टक्क्यांहून जास्त असला की भाव कापला जातो, बारापलीकडे माल घेतलाच जात नाही. परत फिरलेली गाडी पुन्हा खाजगी खरेदीदाराकडेच जाते. हमीभावाचे संरक्षण आर्द्रतामापकाच्या काट्यावर संपते, आणि ज्याच्याकडे कापूस वाळवायला जागा आणि सवड नाही त्याच्यासाठी ते आधी संपते. मला ही या साऱ्या व्यवहारातली सर्वांत दुखरी जागा वाटते.

पुढच्या टप्प्यांवर किंमत वाढवणे तुलनेने सोपे असते. सूतगिरणी रुईचा साठा ठेवते, सूत उधारीवर विणकराकडे जाते, कापड साठ-नव्वद दिवसांच्या उधारीवर व्यापाऱ्याकडे. प्रत्येक हाती व्याज बसते. कापसाच्या बोंडापासून दुकानातल्या थानापर्यंत वर्ष लागले आणि सगळ्यांनी वाढीव व्याज पुरते पुढे सरकवले, तरी अडीच टक्के दरवाढीने शंभर रुपयांच्या कापडात वाढ अडीच रुपयांच्या आतच राहील, कारण बरीचशी मजुरी आणि प्रक्रिया उशिरा जोडली जाते आणि त्यावर व्याज थोडेच महिने चढते. शिवाय ही वाढ एकदाच होते. दर तिथेच स्थिर राहिले तर पुढच्या वर्षी नवी वाढ येत नाही. महागाईचा दर म्हणून ती काही महिने दिसते आणि विरते.

हा परिणाम आकडेवारीत ओळखणे अवघड आहे. १९९२ मध्ये ख्रिस्तोफर सिम्स यांनी पाच मोठ्या देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा व्याज वाढवल्यावर भाव आधी थोडे चढताना दिसले. त्यांचा स्वतःचा खुलासा वेगळा होता: मध्यवर्ती बँकेला महागाई येताना आधीच दिसते म्हणून ती दर वाढवते, आणि मग येणारी महागाई दरवाढीच्या नावावर जमा होते. पाऊस पडण्याआधी लोक छत्र्या काढतात, म्हणून छत्र्यांनी पाऊस पाडला असे म्हणता येत नाही. हा घोळ सोडवायला एकाच देशातले, एकाच दरवाढीला सामोरे गेलेले उद्योग एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. मार्विन बार्थ आणि व्हॅलरी रेमी यांनी २००१ मध्ये अमेरिकी उद्योगांचे असे विश्लेषण केले. अनेक उद्योगांत दरवाढीनंतर उत्पादन घटले आणि मजुरीच्या मानाने किमती मात्र वाढल्या. नुसती मागणी घटली असती तर दोन्ही उतरायला हवे होते. पुढे गायोत्ती आणि सेक्की यांनी सुमारे दोन हजार इटालियन कंपन्यांच्या किमती पाहिल्या. ज्या कंपनीचे खेळते भांडवल जास्त, तिच्या किमतीवर व्याजाचा परिणाम जास्त, असे त्यांना आढळले. आदिलाबादेत अशीच तपासणी करायची तर कापसाचा नुसता भाव पाहून भागणार नाही. त्याच दिवशीच्या रुई-सरकीच्या किमतीतून कापसाचा भाव वजा करून, उरणारे अंतर दरवाढीबरोबर रुंदावते का, हे पाहावे लागेल.

खर्चमार्ग खरा असला तरी तो लहान आहे, हे विसरल्याची किंमत तुर्कस्तानने मोजली. व्याजच महागाईचे कारण, असे राष्ट्राध्यक्ष एर्दोगान सांगत राहिले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२१ मध्ये तिथला धोरण दर १९ वरून १४ टक्क्यांवर आणला गेला. लिरा कोसळला, आयात महागली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये वार्षिक महागाई ८५ टक्क्यांच्या वर गेली. उद्योगांचे व्याज वाचले, पण चलन घसरल्याने त्याहून कितीतरी जास्त गेले.

कापसातही तेच प्रमाण दिसते. २०२२ च्या मध्यावर रुईची खंडी लाखाच्या वर गेली होती, आणि वर्षभरात ती साठ हजारांच्या आसपास आली. जगभर व्याजदर चढले, परदेशात कपड्यांची मागणी मंदावली आणि गिरण्यांनी खरेदी आवरली. चाळीस हजारांच्या या घसरणीपुढे व्याजाचे चारशे रुपये शंभरातला एक भाग ठरतात. वर्षभरापूर्वीचा चढा भाव आठवून घरात कापूस ठेवलेल्या शेतकऱ्यांना या घसरणीचा फटका बसला.

म्हणून कापसासाठी रेपो वाढवू नका, असे म्हणणे मला पटत नाही. करता येण्यासारखी गोष्ट लहान आणि नेमकी आहे. पीककर्जावर स्वस्त व्याजाची सोय आधीपासून आहे: तीन लाखांपर्यंत ७ टक्के आणि वेळेवर फेडले तर ४, मग रेपो काहीही असो. तो धागा शेतातून यार्डापर्यंत प्रत्यक्षात पोहोचायला हवा. शेतकऱ्याला गोदामातल्या कापसाच्या पावतीवर असेच स्वस्त कर्ज मिळाले, तर नोव्हेंबरात विकण्याची घाई उरणार नाही, आणि व्यापाऱ्याच्या वजाबाकीतले ते अडतीस रुपये शेतकऱ्याकडून सहज निघणार नाहीत. त्यासाठी कापूस कोरडा ठेवणारी गोदामे यार्डाजवळ लागतील, आणि पावतीवर कर्ज देणारी शाखा खरेदी सुरू होते त्या आठवड्यात तयार असावी लागेल, जानेवारीत नव्हे.