ऐंशी टक्के घेतले, शंभर टक्के मोजले

पुण्याच्या बजाज फिनसर्वचा २०२३-२४ चा एकत्रित नफा सुमारे १५,६०० कोटी रुपये होता. कंपनीच्या स्वतःच्या भागधारकांच्या वाट्याला मात्र त्यातले साधारण ८,१५० कोटीच आले. उरलेली रक्कम कुठे गहाळ झालेली नाही. बजाज फायनान्स ही तिची उपकंपनी असली, तरी तिचे अर्ध्याहून थोडेच जास्त शेअर फिनसर्वकडे आहेत. बाकीचे शेअर बाजारातल्या हजारो लोकांकडे आहेत आणि त्यांच्या हिश्शाचा नफा त्यांचाच. तरीही हिशेबाच्या पुस्तकात बजाज फायनान्सने वाटलेले कर्ज संपूर्ण दिसते, निम्मे नाही.

असे का, याचे उत्तर एकत्रित ताळेबंदात आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२९ (३) नुसार उपकंपनी असलेल्या कंपनीला स्वतःच्या ताळेबंदाशिवाय सगळ्या समूहाचा मिळून आणखी एक ताळेबंद मांडावा लागतो. तो बनवताना किती टक्के शेअर घेतले याआधी ताबा कुणाचा, हे विचारतात. ताबा असेल तर उपकंपनीची मालमत्ता आणि देणी पूर्ण धरायची आणि बाहेरच्या भागधारकांचा हिस्सा वेगळ्या ओळीत दाखवायचा. त्या ओळीला नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्ट म्हणतात. सीएंच्या ऑफिसात तिचे नाव नुसते ‘एनसीआय’.

एक काल्पनिक व्यवहार घेऊ. पुण्यातली यंत्रे बनवणारी एक कंपनी कोल्हापुरातल्या फाउंड्रीचे ८० टक्के शेअर १०० कोटींना विकत घेते. फाउंड्रीच्या वह्यांप्रमाणे तिचे भागभांडवल २० कोटी आणि साठलेला राखीव निधी ५० कोटी, म्हणजे निव्वळ मालमत्ता ७० कोटींची. पण तिची जमीन तीस-चाळीस वर्षांपूर्वी घेतलेली. वहीत ती १० कोटींना आहे, आजचा भाव ३० कोटी. खरेदीच्या दिवशी सगळे आजच्या भावाने मोजायचे असते, म्हणून निव्वळ मालमत्ता ९० कोटी झाली. (वाढलेल्या किमतीवरचा लांबणीवरचा कर इथे बाजूला ठेवला आहे, प्रत्यक्षात तो धरावा लागतो आणि त्याने गुडविल वाढते.)

बाहेरच्यांचा २० टक्के हिस्सा म्हणजे ९० चे १८ कोटी. आता मोजलेली किंमत १००, त्यात एनसीआय १८ मिळवला की ११८. त्यातून निव्वळ मालमत्तेचे ९० वजा केले की २८ कोटी उरतात. हे झाले गुडविल. बांधलेली गिऱ्हाइके, मुरलेले कारागीर, एकत्र आल्याने वाचणारा खर्च अशा वेगळे काढून न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी खरेदीदाराने जास्तीचे मोजलेले हे पैसे. ब्रँड किंवा पेटंट स्वतंत्रपणे मोजता येत असेल, तर ते आधी बाजूला काढावे लागते. गुडविलच्या पोत्यात सगळे कोंबायची परवानगी नाही.

एनसीआय मोजायची दुसरीही रीत मान्य आहे. बाहेरच्यांच्या शेअरची बाजारभावाने किंमत करायची. ८० टक्क्यांना १०० कोटी पडले, म्हणून २० टक्क्यांना २५ होतील असा त्रैराशिकाचा हिशेब मात्र इथे चालत नाही, कारण ताब्यासाठी खरेदीदाराने चढी किंमत दिलेली असते. समजा ती किंमत २२ कोटी ठरली, तर गुडविल ३२ कोटी होते. वाढलेले चार कोटी बाहेरच्यांच्या वाट्याचे गुडविल. भारतीय लेखामानक १०३ प्रत्येक खरेदीसाठी यातली एक रीत निवडू देते. त्यामुळे दोन कंपन्यांच्या गुडविलची तुलना करायची, तर आधी खालच्या टिपा वाचाव्या लागतात.

एक वर्ष उलटले. पहिल्याच रीतीने पुढे जाऊ. फाउंड्रीने १५ कोटी नफा कमावला, लाभांश काही दिला नाही. राखीव निधी ५० वरून ६५ झाला. नवशिक्यांची गाडी इथेच घसरते. ते सगळे ६५ कोटी समूहाच्या निधीत मिळवतात. पण जुने ५० कोटी खरेदीच्या किमतीतच येऊन गेले, ते गुडविलच्या हिशेबात खर्ची पडले. फाउंड्रीचे भागभांडवलही तसेच गेले आणि त्यासमोरची पुण्याच्या कंपनीच्या पुस्तकातली १०० कोटींची गुंतवणूकही. समूहाचे ते फक्त नंतरचे १५ कोटी. त्यातले १२ मूळ कंपनीच्या भागधारकांचे, तीन बाहेरच्यांचे.

त्यातही एक कात्री लागते. फाउंड्रीने पुण्याच्या कंपनीला ओतकाम विकले आणि वर्षअखेर त्यातला काही माल पुण्याच्या गोदामात पडून आहे. त्या मालात फाउंड्रीचा दोन कोटींचा नफा दडलेला आहे. समूह एकच धरला, तर या खिशातून त्या खिशात माल टाकून कुणी नफा कमावत नाही. म्हणून माल दोन कोटींनी कमी दाखवायचा. विकणारी उपकंपनी असल्याने हा फटका दोघांत वाटला जातो: १.६ कोटी मूळ कंपनीकडे, ४० लाख बाहेरच्यांकडे. वर्षअखेरचा एनसीआय म्हणून १८ अधिक ३ उणे ०.४, म्हणजे २०.६ कोटी. समूहाच्या निधीत फाउंड्रीमुळे पडलेली भर १०.४ कोटी. आपसातली उधारीही दोन्ही बाजूंनी खोडायची. ती खोडताना हटकून फरक निघतो, कारण कोल्हापूरने बिल मार्चमध्ये लावलेले असते आणि ट्रक पुण्याला एप्रिलमध्ये पोचतो.

ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळला म्हणजे काम झाले, असे समजणे मात्र धोक्याचे. समजा कुणी एनसीआय जमिनीचा वाढीव भाव विसरून जुन्या ७० कोटींवर काढला. तो १८ ऐवजी १४ येतो आणि गुडविल २८ ऐवजी २४. दोन्ही बाजू चारने कमी झाल्या, बेरीज बिनबोभाट जुळली. अशी चूक शोधायला एक वेगळा ताळा करतात. फाउंड्रीची आजची निव्वळ मालमत्ता सुधारित भावाने घ्यायची, मालातला न मिळालेला नफा वजा करायचा आणि तिचे २० टक्के काढायचे. आपल्या उदाहरणात ८५ अधिक २० उणे २, म्हणजे १०३ कोटी. त्याचे २० टक्के २०.६. एनसीआयची ओळ तेच सांगत असेल तर ठीक.

गुडविलचे २८ कोटी मात्र तसेच बसून राहतात. भारतीय लेखामानकांत त्यावर दरवर्षी घसारा नाही, पण दरवर्षी तपासणी आहे. धंद्यातून पुढे येऊ शकणारा पैसा पुस्तकी किमतीला पुरत नसेल, तर गुडविल खाली आणावे लागते आणि एकदा उतरवलेले पुन्हा चढवता येत नाही. टाटा स्टीलने २००७ मध्ये युरोपातली कोरस सुमारे १२ अब्ज डॉलरला घेतली. पुढे युरोपात पोलादाची मागणी खचली आणि २०१२-१३ मध्ये गुडविल व इतर मालमत्ता मिळून ८,००० कोटींहून जास्त रक्कम उतरवावी लागली. त्या वर्षी एकट्या टाटा स्टीलच्या ताळेबंदाने सुमारे ५,००० कोटींचा नफा दाखवला आणि एकत्रित हिशेबाने सुमारे ७,००० कोटींचा तोटा.