यंत्राने गाळलेली शिवी

शिवीगाळीची तक्रार न्यायालयात टिकायची असेल, तर समोरच्याने नेमकी कोणती शिवी दिली ते न्यायाधीशांना कळावं लागतं. २०२३ मध्ये मोहम्मद वाजिद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. अपमान हेतुपुरस्सर होता की नाही हे ठरवायचं, तर वापरलेले शब्द माहीत हवेत. शब्दच नसतील तर ते ठरवता येणार नाही. ‘आरोपीने घाणेरड्या शिव्या दिल्या’ एवढं मोघम लिहून भागत नाही.

महाराष्ट्रात पोलीस ठाण्यातली तक्रार मराठीत लिहिली जाते. मुंबई उच्च न्यायालयाचं कामकाज मात्र इंग्रजीत चालतं. गुन्हा रद्द करा असा अर्ज तिथे गेला, की तक्रार, जबाब, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश या सगळ्याचं इंग्रजी करावं लागतं. पहिला मसुदा भाषांतराच्या यंत्राकडून काढून घ्यायचा मोह इथेच होतो. ही यंत्रं सातबाऱ्यावरचा मजकूर किंवा बँकेचं पत्र बऱ्यापैकी पेलतात, पण शिवी आली की अडखळतात. आणि अडखळल्याचं वाचणाऱ्याला कळतही नाही, कारण समोर येणारं इंग्रजी वाक्य अगदी सुबक असतं.

एक वाक्य घेऊ. ते मी रचलेलं आहे, पण उधारीच्या भांडणात कुठेही ऐकू येईल असं: ‘ए भडव्या, चार दिवसांत पैसे टाक, नायतर घरात घुसून खांडोळी करीन, रांडेच्या.’ यात वजनाच्या तीन गोष्टी आहेत. पहिली शिवी ऐकणाऱ्याला बायकांचा दलाल म्हणते. शेवटची त्याच्या आईवर जाते. मधली शिवी नाहीच, ती जिवे मारण्याची धमकी आहे.

यंत्राने याचं इंग्रजी ‘अरे मूर्खा, चार दिवसांत पैसे दे, नाहीतर घरी येऊन तुला मारीन, बदमाशा’ अशा अर्थाचं केलं, तर व्याकरणात एकही चूक नसेल. पण आईवरची शिवी गेली आणि दलाल म्हणणं गेलं. शिवाय खांडोळीचं नुसतं मारणं झालं. हा शेवटचा बदल सर्वांत महाग पडतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ नुसार साध्या धाकदपटशाला दोन वर्षांपर्यंत कैद आहे; ठार मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची धमकी असेल तर ती सात वर्षांपर्यंत जाते. शिव्यांबरोबर त्यांना चिकटलेली धमकीही मवाळ होते, याकडे मात्र फार कमी लोकांचं लक्ष जातं.

असं का होतं? यंत्र भाषांतर शिकतं ते एकच वाक्य दोन भाषांत असलेल्या जोड्यांवरून, आणि अशा लाखो जोड्या लागतात. मराठी-इंग्रजीच्या जोड्या सापडतात कुठे? बातम्यांत, सरकारी पत्रकांत, शैक्षणिक व्याख्यानांत, धर्मग्रंथांच्या भाषांतरांत. आयआयटी मद्रासमधल्या ‘एआय४भारत’ गटाने २०२१ मध्ये ‘समानांतर’ हा संग्रह खुला केला. इंग्रजी आणि अकरा भारतीय भाषा मिळून त्यात सुमारे पाच कोटी जोड्या आहेत. काम मोलाचं आहे. पण पत्र सूचना कार्यालयाच्या पत्रकात कोणी कोणाला रांडेच्या म्हणत नाही. त्यामुळे हा शब्द यंत्राने फार तर मोजक्या वेळा पाहिलेला असतो, आणि जे क्वचित पाहिलं त्याच्या जागी ते आसपास जास्त वेळा दिसलेला, गुळगुळीत शब्द ठेवून देतं. शिव्या भरपूर सापडण्याची एक जागा म्हणजे चित्रपटांचे उपशीर्षक. पण तिथे माणसांनीच त्या आधी सौम्य केलेल्या असतात. पडद्यावर आईवरून शिवी आणि खाली ‘नालायक’ अशी जोडी यंत्राने पाहिली, की ते तसंच शिकतं.

जो थोडा कच्चा मजकूर उरतो तोही चाळला जातो. गूगलच्या संशोधकांनी इंग्रजीसाठी तयार केलेल्या ‘सी४’ या गाजलेल्या संग्रहात, अपशब्दांच्या ठरावीक यादीतला एक शब्द जरी आला तरी ते सबंध पानच वगळलं गेलं. मेटा कंपनीने २०२२ मध्ये दोनशे भाषांचं भाषांतर-यंत्र केलं तेव्हा प्रत्येक भाषेची अपशब्दांची यादी बनवली. जोडीच्या एका बाजूला यादीतले शब्द आहेत आणि दुसऱ्या बाजूला नाहीत, अशा विषम जोड्या बाजूला काढल्या. हेतू रास्त होता. मुळात नसलेली शिवी यंत्राने स्वतःहून घातली, तर निरपराध माणूस अडचणीत येतो, आणि असं घडतंही. पण मराठीत एकाच शिवीची रूपं किती! भडवा, भडव्या, भाडखाऊ, भाडया. शिवाय मोबाइलवर रोमन लिपीत bhadvya, bhdvya. यादीत एक रूप असेल आणि दुसरं नसेल, तर नीट भाषांतरित जोडीसुद्धा विषम दिसते आणि गळते.

यापुढची पायरी यंत्राच्या मालकाने मुद्दाम ठेवलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या भाषांतर-सेवेत `profanityAction` नावाची सोय आहे. तिला `NoAction`, `Marked` आणि `Deleted` असे तीन पर्याय आहेत. तिसरा निवडला तर अपशब्द काढून टाकला जातो आणि त्या जागी खूणही राहत नाही. अ‍ॅमेझॉनच्या सेवेत झाकण्याचा पर्याय घेतला की शब्दाऐवजी `?$#@$` अशी चिन्हं येतात. तुम्ही ज्या अ‍ॅपवर भाषांतर करता, त्याच्या आत कोणता पर्याय लावलाय हे पडद्यावर दिसेलच असं नाही. ध्वनिफितीत तर भाषांतराच्या आधीच कात्री लागते. बोलणं अक्षरांत उतरवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेत अपशब्द झाकणं हा पर्याय आधीपासूनच लावलेला असतो. यूट्यूबचे आपोआप तयार होणारे उपशीर्षक अशा जागी `[ __ ]` दाखवतात. चांदण्या किंवा रिकामा कंस दिसला तर निदान काहीतरी लपवलंय हे कळतं.

सर्वांत गंभीर चूक जातीच्या नावाची आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(एस) मध्ये, लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला जातिवाचक शिवीगाळ करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे जातीचं नाव हाच त्या गुन्ह्याचा गाभा. आता यंत्राची अडचण पाहा. ‘मांग’ हे महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातीचं नाव, पण हिंदीत त्याच अक्षरांचा अर्थ मागणी. ‘ढोर’ ही जात आहे आणि ढोर म्हणजे गुरंही. ‘चांभार’चं इंग्रजी जोडे शिवणारा असं केलं, की जातीच्या जागी धंदा येतो. हे शब्द कुठल्याही अपशब्दांच्या यादीत नसू शकतात, त्यामुळे इथे चांदणीसुद्धा उमटत नाही. कागदावर एक निरर्थक किंवा निरुपद्रवी वाक्य उरतं आणि ज्याचा अपमान झाला त्याची तक्रार पोकळ दिसू लागते. माझ्या मते या एका कारणासाठी तरी अशा तक्रारीचं भाषांतर यंत्रावर सोडू नये.

उलटी चूकही होते. ‘च्यायला, पाऊस आला’ यात कोणाच्या आईचा अपमान नाही; तो वैतागाचा उद्गार आहे. मित्रांच्या गटातल्या अशा बोलण्याचं यंत्राने आईवरच्या शिवीत रूपांतर केलं, तर ते कार्यालयातल्या चौकशीत एखाद्याला भोवेल.

तर तपासायचं कसं? अनेक जण इंग्रजी पुन्हा मराठीत करून पाहतात. ती युक्ती अर्धीच कामाची. ‘मांग’चं परत ‘मागणी’ झालं तर घोटाळा उघडा पडतो. पण ‘ढोर’ इंग्रजीत गुरं होऊन पुन्हा ‘ढोर’ होऊन परतला, तर सगळं जुळलं असं वाटतं आणि चूक तशीच राहते.

त्यापेक्षा मूळ मजकुरातल्या प्रत्येक शिवीला, धमकीला आणि जातिवाचक शब्दाला आधी पेन्सिलने क्रमांक द्या. मग इंग्रजीत प्रत्येक क्रमांकाचा शब्द शोधा. आपल्या वाक्यात तीन क्रमांक आहेत; इंग्रजीत दोनच सापडले तर तिसरा गळला. सापडलेल्या प्रत्येक शब्दाला दोन प्रश्न विचारा: हा कोणावर जातो, आणि किती जोराने? ‘बदमाश’ ऐकणाऱ्यावर जातो, ‘रांडेच्या’ आईवर जातो. म्हणजे शब्द आहे, पण शिवी बदलली.

शंका राहिली तर शब्द बदलून पाहा. ‘भडव्या’च्या जागी ‘मित्रा’ घालून तेच वाक्य पुन्हा द्या. इंग्रजीत संबोधन बदललंच नाही, तर यंत्र त्या शब्दाकडे बघतच नव्हतं. ‘भडव्या’च्या जागी ‘गाढवा’ घातल्यावरही तेच इंग्रजी आलं, तर ते दोन्ही शिव्यांना एकाच मापाने मोजतंय. ‘खांडोळी करीन’च्या जागी ‘मारीन’ घालून धमकीचीही अशीच परीक्षा घ्या. मजकूर रोमन लिपीत असेल तर तो देवनागरीत लिहून वेगळा तपासा. दोन्हींची उत्तरं निराळी आली, तर दोन्हींवर भरवसा ठेवू नका. ध्वनिफीत असेल तर आधी कानाने ऐकून शब्द न् शब्द स्वतः उतरवा. यंत्राने उतरवलेला मजकूर भाषांतराला देऊच नका.

या परीक्षांनी चूक सापडते, पण बरोबर शब्द त्या देत नाहीत. तो त्या भागातल्या बोलीच्या माणसानेच द्यायला हवा, कारण जी शिवी एका जिल्ह्यात हसण्यावारी जाते तीच दुसरीकडे डोकी फोडते. इंग्रजी मसुद्यात मूळ मराठी शब्द जसाच्या तसा ठेवून शेजारी त्याचा उघड अर्थ लिहून घ्या. लाज वाटते म्हणून तो सौम्य करू नका, वकिलांनाही करू देऊ नका. आणि मूळ संदेश फोनमधून पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि भाषांतरावर वाद झाला की न्यायालयाला पाहायचा असतो तो तुमच्या फोनवरचा मूळ मराठी मजकूर.