चालत्या रोबोला ‘थांब’ ऐकू यावे म्हणून

तळहातावर मावणाऱ्या रास्पबेरी पाय ४ या संगणकावर इंटरनेटशिवाय तोंडी आज्ञा ओळखता येतात. त्यासाठी व्होस्क ही मोफत प्रणाली सोयीची आहे. तिचे छोटे हिंदी मॉडेल ५० एमबीपेक्षा लहान आहे. पायवर माइकसाठी जागा नसते, म्हणून यूएसबी माइक जोडावा लागतो. रोबो चालवायला पाच शब्द पुरतात, आणि मॉडेलला तेवढेच शब्द शोधायला सांगता येते:

```python
rec = KaldiRecognizer(model, 16000,
  '["आगे", "पीछे", "बाएं", "दाएं", "रुको", "[unk]"]')
```

यातले `16000` म्हणजे दर सेकंदाला घेतलेले ध्वनीचे नमुने. शेवटचे `[unk]` गाळले, तर खोकला किंवा दाराचा आवाजही पाचांपैकी कुठल्यातरी आज्ञेत बसवला जातो. यादीतला शब्द मॉडेलच्या शब्दसंग्रहात नसेल, तर प्रोग्रॅम सुरू होताना तशी सूचना दिसते. बहुतेकदा दोष अनुस्वार-चंद्रबिंदूचा असतो.

खरी अडचण चाके फिरू लागल्यावर येते. उभा रोबो सगळे ऐकतो, पण धावत असताना नेमके ‘रुको’ त्याच्या कानावर पडत नाही. कारण त्याचा स्वतःचाच गोंगाट. मोटारी माइकपासून ५ सेंटिमीटरवर आणि बोलणारा १ मीटरवर असेल, तर हळू आवाजाची मोटारही माणसावर मात करते. माइक काठीवर चढवून मोटारींपासून २० सेंटिमीटर दूर नेला, की हवेतून येणारी त्यांची घरघर सुमारे १२ डेसिबलने उतरते. बोलणाऱ्याचे अंतर मात्र जवळपास तेवढेच राहते. महागड्या माइकपेक्षा ही काठी जास्त उपयोगी पडते.

गोंगाट सांगाड्यातून आणि विजेच्या तारांतूनही येतो. तो कुठून येतो हे ताडण्यासाठी चाके जमिनीवरून उचलून मोटारी चालू ठेवाव्यात आणि पाच सेकंद ध्वनिमुद्रण करावे:

```
arecord -D plughw:1,0 -f S16_LE -r 16000 -c 1 -d 5 test.wav
```

(`1,0` हा आकडा `arecord -l` पाहून बदलावा.) मग माइक सांगाड्यावरून सुटा करून, त्याच जागी हातात धरून पुन्हा मुद्रण करावे. घरघर एकदम कमी झाली तर दोष कंपनाचा. माइकखाली मऊ फोम घालावा. माइक तारेच्या टोकापर्यंत दूर नेऊनही किरकिर तशीच राहिली तर दोष विजेचा. अशा वेळी प्रत्येक मोटारीच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर डकवावा आणि मोटारींना वेगळी बॅटरी द्यावी.

एवढे करूनही ‘रुको’ कधीतरी निसटणारच. म्हणून एका आज्ञेवर चाके एखादाच सेकंद फिरवून आपोआप थांबवावीत आणि त्या शांततेत पुढची आज्ञा ऐकावी. मोटारींची वीज तोडणारे बटण रोबोच्या पाठीवर हवेच.