रिपोर्ट ‘सेन्सिटिव्ह’, मग टीबी उलटला कसा?

समजा, फुफ्फुसाचा टीबी झालेल्या एका माणसाची फाईल आपल्यासमोर उघडी आहे. गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ताप उतरला, भूक लागू लागली, वजन चार किलोंनी वाढलं. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी थुंकीच्या तपासणीत जंतू दिसेनासे झाले. तिसऱ्या महिन्यात कामासाठी गाव सोडावं लागलं आणि गोळ्या सुटल्या. सात-आठ महिन्यांनी पुन्हा तोच खोकला, तोच संध्याकाळचा ताप. घरचे म्हणतात, “जंतू आता औषधाला सरावले.” पण थुंकी पुन्हा प्रयोगशाळेत गेली की पुष्कळदा वेगळंच उत्तर येतं. जंतू त्याच औषधांना आधीइतकेच बळी पडतात, रिपोर्टवर ‘सेन्सिटिव्ह’ असंच लिहिलेलं असतं.

औषध जंतूंना मारतं, तरी जंतू उरतात. हे कोडं पहिल्यांदा नीट मांडलं ते आयर्लंडचे जंतुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी, 1944 साली. पेनिसिलिन तेव्हा नवं होतं. बिगर यांनी स्टॅफिलोकॉकस या जंतूंनी भरलेल्या नळीत पेनिसिलिन घातलं. गढूळ द्रव निवळला, पण नळी पूर्णपणे निर्जंतुक काही होईना. साधारण दहा लाखांत एक जंतू जिवंत राहत होता. म्हणजे नळीत शंभर कोटी जंतू असतील, तर हजारेक उरायचे.

बिगर यांनी पुढे जे केलं तेच महत्त्वाचं. उरलेले जंतू त्यांनी औषध नसलेल्या द्रवात वाढवले आणि त्या नव्या पिढीवर पुन्हा पेनिसिलिन सोडलं. उरलेले जंतू जनुकीय बदलाने बलवान झाले असते, तर त्यांची सगळी संतती औषधात सुखाने वाढली असती. तसं झालं नाही. पुन्हा जवळजवळ सगळे मेले आणि पुन्हा तेवढेच मूठभर उरले. या तग धरून राहणाऱ्या जंतूंना त्यांनी ‘पर्सिस्टर’ असं नाव दिलं.

ते तगतात कशामुळे? पेनिसिलिन जंतूच्या भिंतीचं बांधकाम बिघडवतं. वाढणारा जंतू सतत भिंत बांधत असतो, म्हणून तो फुटतो. ज्याने बांधकामच थांबवलं आहे, त्याचं औषध काय बिघडवणार? लव्हाळ्याने भरलेलं शेत डोळ्यांसमोर आणा. तणनाशक फवारलं की हिरवी पाती वाळतात, पण मातीत निजलेल्या, न फुटलेल्या गाठींपर्यंत औषध पोचत नाही. पुढच्या पाण्यावर त्या फुटतात. त्यांतून आलेली पाती त्याच तणनाशकाने पुन्हा वाळतात. गाठ औषधाला जुमानत नाही असं नाही, फवारणीच्या वेळी ती झोपलेली होती, इतकंच.

2004 मध्ये नताली बालाबान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दाखवलं. ई. कोलाय जंतूंना त्यांनी अगदी अरुंद खाचांमध्ये वाढवलं. अशा खाचेत एका जंतूची संतती एका ओळीत राहते, त्यामुळे प्रत्येकावर स्वतंत्र नजर ठेवता येते. मग अँपिसिलिन सोडलं. लांबत, विभागत असलेले जंतू फुटून गेले. वाचले ते जंतू औषध येण्याच्या आधीपासूनच वाढायचे थांबलेले होते. औषध धुऊन काढल्यावर तेच हळूहळू जागे झाले आणि विभागू लागले.

इथे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. रेझिस्टन्स, म्हणजे प्रतिकार: जंतू औषध असतानाही वाढतो. त्याच्या जनुकांत बदल झालेला असतो आणि तो बदल संततीकडे जातो. टॉलरन्स, म्हणजे सहनशीलता: औषध असताना जंतू वाढत नाही, पण लवकर मरतही नाही. सगळी वस्तीच सावकाश मरत असेल तर तिला सहनशील म्हणतात. बहुतेक जंतू झटपट मरून मूठभरच मागे उरले, तर ते पर्सिस्टर.

नेहमीच्या कल्चर रिपोर्टला हा फरक दिसत नाही. तिथे बशीतल्या जंतूंच्या थरावर औषधाची चकती ठेवतात आणि भोवती जंतू न उगवलेलं स्वच्छ वर्तुळ मोजतात. वर्तुळात जंतू वाढले नाहीत एवढंच त्यातून कळतं, ते मेले की नुसते निजले हे कळत नाही. बालाबान यांच्या गटाने 2017 मध्ये यावर साधी युक्ती काढली. वर्तुळ तयार झाल्यावर औषधाची चकती काढायची आणि त्या जागी ग्लुकोजची चकती ठेवायची. एव्हाना औषध पसरून विरळ झालेलं असतं. जंतू खरोखर मेले असतील, तर वर्तुळ स्वच्छच राहतं. निजलेले असतील, तर त्याच स्वच्छ जागेत ठिपक्या-ठिपक्यांनी वसाहती उगवतात.

आता पुन्हा टीबीच्या फाईलकडे येऊ. नेहमीच्या टीबीत पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधं देतात, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. आयसोनियाझिड भराभर वाढणाऱ्या जंतूंवर तुटून पडतं आणि थुंकीतले बहुतेक जंतू पहिल्या काही दिवसांतच मारतं. ताप उतरतो तो यामुळे. पण फुफ्फुसात मंदावलेले, निजलेले जंतूही असतात. त्यांना मारण्याची मुख्य भिस्त रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइडवर, आणि हे काम आठवड्यांच्या नव्हे, महिन्यांच्या हिशेबाने चालतं. शिवाय एक मिलिलिटर थुंकीत जंतू काही हजारांपेक्षा कमी असले, तर सूक्ष्मदर्शकाखालच्या साध्या तपासणीत ते सहसा सापडत नाहीत. ‘निगेटिव्ह’चा अर्थ शून्य असा नसतो.

याची मोठी परीक्षा 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झाली. भारतासह अनेक देशांतले 1,931 रुग्ण तिच्यात होते. मॉक्सिफ्लॉक्सासिन वापरून सहा महिन्यांचे उपचार चार महिन्यांवर आणता येतील का, हा प्रश्न होता. नव्या औषधाने थुंकी लवकर साफ झाली, सगळ्यांना आशा वाटली. पण उपचार पूर्ण केलेल्यांचा हिशेब लागला, तेव्हा सहा महिनेवाल्यांत 92 टक्के यशस्वी ठरले आणि चार महिन्यांच्या दोन गटांत 85 आणि 80 टक्के. फरक पडला तो मुख्यतः उलटलेल्या आजारामुळे. जागे जंतू लवकर मारणं वेगळं आणि निजलेले संपवणं वेगळं. पुढे 2021 मध्ये रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांची चार महिन्यांची एक जोडी सहा महिन्यांच्या तोडीची ठरली. म्हणजे सहा हा आकडा अटळ नाही. शेवटच्या निजलेल्या जंतूपर्यंत औषध किती दिवसांत पोचतं, त्यावर तो ठरतो.

उलटलेला प्रत्येक टीबी पर्सिस्टरमुळेच असतो असं नाही. कधी बाहेरून नवा जंतू आलेला असतो, कधी खरोखरच रेझिस्टन्स असतो. म्हणून दुसऱ्या वेळी औषध सुरू करताना रेझिस्टन्सची तपासणी टाळता येत नाही. तसंच, प्रत्येक जंतुसंसर्गात गोळ्या जितक्या लांबवाव्यात तितकं चांगलं, असाही याचा अर्थ नाही. साध्या संसर्गात उरलेसुरले जंतू शरीराच्या पांढऱ्या पेशी खाऊन टाकतात आणि थोड्या दिवसांचं औषध पुरतं. अडचण येते ती जंतू जिथे या पेशींपासून लपतात तिथे: टीबीच्या गाठीत, कृत्रिम सांध्यावर चिकटलेल्या थरात, हाडात.

मात्र सहनशीलता निरुपद्रवी नाही. बालाबान यांच्याच प्रयोगशाळेत ई. कोलायला थोडा थोडा वेळ अँपिसिलिन देत राहिले, तेव्हा आधी सहनशीलता आली आणि तिच्या पाठोपाठ खरा प्रतिकार. जास्त जंतू तगले की त्यांतल्या एखाद्यात घातक जनुकीय बदल होऊन तो टिकण्याची संधीही वाढते. गोळ्या पुन्हा पुन्हा सोडणाऱ्या रुग्णाबाबत हीच मोठी भीती असते.

आपल्या फाईलमधल्या माणसाचा रिपोर्ट ‘सेन्सिटिव्ह’ आला, हे त्याचं नशीब. त्याला पुन्हा तीच चार औषधं मिळतील आणि ती लागूही पडतील. फक्त या वेळी, अंगातला ताप गेल्यानंतरचे ते कंटाळवाणे चार महिने नेमके कुणासाठी आहेत, हे त्याला कुणीतरी बसवून सांगायला हवं.