गायतोंडे: परिपक्व काळ कुठून सुरू होतो?

कॅटलॉगच्या प्रस्तावनेत ‘परिपक्व काळ’ म्हटले की पहिला प्रश्न येतो तो त्याच्या सुरुवातीचा. १९२४मध्ये नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण सरावासाठी घेण्यासारखे आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून ते १९४८मध्ये बाहेर पडले. १९५०च्या दशकातल्या आरंभीच्या चित्रांत आकृत्या आणि पॉल क्लेचा प्रभाव दिसतो. दशकाच्या अखेरीस आकृत्या गेल्या.

पण आकृती गेली एवढ्यावर सीमारेषा आखता येत नाही. त्यांनी रंग कसा लावला, तेही पाहावे लागते. ते रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत. एक थर दिला, की काही ठिकाणी तो उचलायचा, खरवडायचा, त्यावर दुसरा पातळ थर द्यायचा. त्यामुळे खालचा रंग वरच्या रंगातून डोकावतो. काही चित्रांत फाटक्या कागदाने उमटवलेले आकार आहेत. जवळून पाहिले, तर त्यांच्या कडा ओळखू येतात.

बहुतेक चित्रांना शीर्षक नाही. त्यामुळे वर्ष, माध्यम आणि आकार अचूक देणे हीच त्यांची ओळख ठरते.

१९८४मध्ये गायतोंडे यांना अपघात झाला आणि त्यानंतर काही वर्षे मोठे कॅनव्हास थांबले. हा खंड गाळून परिपक्व काळ एकसंध दाखवणे चूक ठरेल. प्रस्तावना लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी या चित्रांसाठी ‘ध्यानमग्न’ हे विशेषण वापरण्याआधी चित्राच्या पृष्ठभागाचे वर्णन लिहावे.